वाटीतलं प्रोटीन : मटार, पालक आणि ब्रोकोली

ब्रोकोलीत मटणापेक्षा जास्त प्रोटीन असतं, असं ठणकावून सांगणारं चित्र तुमच्याही फोनवर कधी ना कधी येऊन गेलं असेल. एका बाजूला हिरवागार गड्डा, दुसऱ्या बाजूला मटणाचा तुकडा, आणि खाली आकडे. गंमत म्हणजे हे आकडे निखालस खोटे नसतात. शंभर कॅलरींची ब्रोकोली खाल्ली तर साधारण आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि शंभर कॅलरींचं चांगलं चरबीदार मटण खाल्लं तर सहाच्या आसपास. चित्रात न सांगितलेली गोष्ट एवढीच, की शंभर कॅलरींची ब्रोकोली म्हणजे जवळजवळ ३०० ग्रॅम, आणि तेवढ्याच कॅलरींचं ते मटण म्हणजे जेमतेम ३५ ग्रॅम. मटणाऐवजी कोंबडीच्या छातीचं मांस घेतलं असतं तर शंभर कॅलरींत अठरा ग्रॅम निघाले असते आणि चित्र काढायचं कारणच उरलं नसतं.

पालकाबद्दलही असंच एक वाक्य फिरतं : पालकातल्या निम्म्या कॅलरी प्रोटीनच्या असतात. हेही खरंच आहे. १०० ग्रॅम कच्च्या पालकात २३ कॅलरी आणि सुमारे पावणेतीन ग्रॅम प्रथिनं. एका ग्रॅम प्रथिनाच्या चार कॅलरी धरल्या तर अकरा-बारा कॅलरी प्रथिनाच्या, म्हणजे निम्म्या. पण निम्म्या कशाच्या? तेवीसच्या. बाकी पालकाच्या पानात शंभरातले ९१ भाग पाणीच असतं. हे पाणी वजा करून, म्हणजे वाळवलेल्या पालकाच्या हिशेबाने आकडा मांडला, की ‘पालकात ३० टक्के प्रोटीन’ असं थक्क करणारं विधान तयार होतं. वाळवून कोरडा केलेला पालक वाटीभर कोणी खात नाही. म्हणून टक्के सोडून द्यावेत आणि जेवणाऱ्याने आपल्या पानात किती ग्रॅम पडले ते बघावं.

आपली आमटी-भाजीची मध्यम वाटी साधारण १५० मिलिलिटरची असते. त्या वाटीत उकडलेले मटार भरले तर वजन शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं आणि प्रथिनं पाच ग्रॅमच्या थोडी वर. उकडलेल्या ब्रोकोलीचे तुरे तेवढ्याच वाटीत भरले तर अडीच ग्रॅमच्या आतबाहेर. शिजवून दाबून भरलेल्या पालकाच्या वाटीत तीन ग्रॅमच्या किंचित वर, पण ती एक वाटी भरायला निवडलेला सव्वाशे-दीडशे ग्रॅम पालक लागतो. तीच वाटी कच्च्या पानांनी भरली तर आत असतो फक्त वीसेक ग्रॅम पालक आणि त्यातलं प्रोटीन अर्धा ग्रॅम.

फोनवरच्या ॲपमध्ये जेवणाची नोंद करणाऱ्यांची सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. ॲपमध्ये ‘एक कप पालक’ या नावाच्या दोन नोंदी असतात. एक कच्च्या पानांची, ३० ग्रॅमची, एक ग्रॅमही प्रोटीन नसलेली. दुसरी शिजवलेल्या पालकाची, १८० ग्रॅमची, सव्वापाच ग्रॅम प्रोटीनची. सकाळच्या स्मूदीत मूठभर पालक टाकायचा आणि नोंद दुसरी निवडायची, की कागदावर रोज साडेचार ग्रॅम उगाचच जमा होतात. ओळखायची खूण सोपी आहे : कपाच्या शेजारी ग्रॅम लिहिले आहेत का बघायचं, आणि ते आपल्या हातातल्या मुठीशी जुळतात का हे एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ताडून घ्यायचं. हे एकदाच केलं तरी पुरतं. पालकाची मूठ किती हलकी असते हे नंतर विसरायला होत नाही.

या तिघांतला मटार जरा वेगळ्या घरातला आहे. बाजारात तो भाजीवाल्याकडे मिळतो म्हणून आपण त्याला भाजी म्हणतो, पण वनस्पतीच्या दृष्टीने मटार ही कडधान्याची शेंग आहे. हाच दाणा वेलावर वाळू दिला तर त्याचा वाटाणा होतो, आणि भिजवून, शिजवून तो उसळीत नाहीतर रगड्यात पडतो. सुक्या वाटाण्यात शंभर ग्रॅममागे वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, हरभरा-मुगासारखीच. हिरव्या दाण्यात पाणी भरपूर असल्यामुळे आकडा खाली येतो, एवढाच फरक. वाटाण्याच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात, आणि झाड त्यातून प्रथिनं बनवून बियांत साठवतं. पुढे रोप उगवताना त्याला शिदोरी हवी म्हणून. आपण ती शिदोरी पळवतो.

पालकाचं पान असं काही साठवत नाही. त्यातलं बरंचसं प्रोटीन म्हणजे सूर्यप्रकाशाच्या जोरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या यंत्रणेचे भाग. रुबिस्को नावाचं एक विकर त्यात सगळ्यात जास्त. गंमत अशी, की हे प्रोटीन दर्जाने मुळीच वाईट नाही. पानांचं प्रोटीन ‘अपूर्ण’ असतं म्हणून धरायचंच नाही, असं सांगणारे व्यायामशाळेत भेटतात. त्यांचं म्हणणं इथे टिकत नाही. अडचण दर्जाची नाही, दाटपणाची आहे : पातळ पानात, खूप पाण्यात आणि तंतुमय भिंतींच्या आड थोडंसं प्रोटीन पसरलेलं. ब्रोकोली म्हणजे न उमललेल्या कळ्यांचा गुच्छ आणि त्यांचे जाड देठ. तिची गोष्टही पालकापेक्षा फार वेगळी नाही.

आता आकड्यांबद्दल थोडं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात ताज्या मटाराला शंभर ग्रॅममागे ५.४ ग्रॅम प्रोटीन दिलं आहे, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात सातच्या थोडं वर. पालकाच्या बाबतीत उलटं : अमेरिकेचा आकडा २.९ च्या जवळ, आपला दोनच्या जवळपास. दोघांपैकी कोणी चुकलेलं नाही. कोवळा, गोड मटार आणि जून व्हायला लागलेला, किंचित पिठूळ मटार यांत फरक असतो. दाणा जसा निबर होतो तसं पाणी कमी होतं, साखरेचा स्टार्च होतो आणि वजनामागे प्रोटीन वाढतं. पालकाचं वाण, खत, पानाचं वय यांनीही आकडा हलतो. त्यात आणखी एक मेख आहे. तक्त्यांत प्रोटीन थेट मोजलेलं नसतं. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, म्हणजे बिअर बनवणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत, योहान केल्डाल यांनी नायट्रोजन मोजायची पद्धत बसवली. अन्नातला नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ ने गुणायचं, अशी रीत पुढे रूढ झाली. प्रोटीनमध्ये सोळा टक्के नायट्रोजन असतो हे त्यामागचं गृहीत. पण पालेभाजीतला सगळा नायट्रोजन प्रोटीनमध्ये नसतो, काही सुट्या अमिनो आम्लांत आणि इतर संयुगांत असतो. त्यामुळे पालेभाज्यांचे छापील आकडे खऱ्यापेक्षा थोडे चढेच असतात. म्हणून पालकाच्या नावावर दशांश चिन्हानंतरचे आकडे लिहून ठेवण्यात अर्थ नाही. शंभर ग्रॅमला दोन-अडीच ग्रॅम धरावेत आणि पुढे जावं.

तरीही पालकाच्या भाजीचं जेवण प्रोटीनच्या बाबतीत हलकं नसतं, कारण आपण नुसता पालक जेवत नाही. ताकातली पातळ भाजी बघा. चार माणसांसाठी : निवडलेला २५० ग्रॅम पालक, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, मूठभर शेंगदाणे, दोन चमचे बेसन आणि वाटीभर दह्याचं ताक. कोरड्या वजनाने डाळ ५० ग्रॅम, तिची प्रथिनं अकरा ग्रॅमच्या आसपास. दाणे ३० ग्रॅम, त्यांची साडेसात. बेसन वीसेक ग्रॅम, त्याची साडेचार. दह्याची पाच. आणि ज्याचं नाव भाजीला दिलं त्या पालकाची सहा. सगळी मिळून चौतीसेक ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी साडेआठ, आणि त्यांत पालकाचा वाटा दीड. ज्या आजीने ही भाजी पहिल्यांदा केली असेल तिने प्रोटीनचा विचार केला नसणार. पालक ताकात नुसता शिजवला तर पांचट लागतो आणि ताक फाटतं, म्हणून बेसन. चावायला काही हवं म्हणून डाळ-दाणे. पण हिशेब असा छान जमला, की आज कोणी आहारतज्ज्ञ बसली तरी ती यात फारसं काही बदलणार नाही. घाईत पालकाची नुसती लसूण घालून परतलेली भाजी केली, की वाटीमागचं प्रोटीन थेट तीन ग्रॅमवर येतं. पालक तोच, जुडीही तीच.

पालक पनीरचंही तसंच. हॉटेलात हिरवा रंग बघून ‘हेल्दी’ म्हणून मागवलं जातं, पण त्यातलं प्रोटीन पनीरच्या तुकड्यांसोबत येतं. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा-वीस ग्रॅम. म्हणून तुकडे मोजून घ्यावेत, ग्रेव्ही नव्हे. आणि दुकानात मटाराच्या हिरव्या शेंगांचं चित्र असलेला ‘पी प्रोटीन’चा डबा दिसला तर लक्षात असू द्यावं, की ती भुकटी सुक्या पिवळ्या वाटाण्यातून काढलेली असते. स्टार्च आणि तंतू वेगळे करून उरलेला भाग, शंभर ग्रॅममागे ऐंशी ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असलेला. त्या डब्यावरून आपल्या मटार-पुलावाबद्दल कुठलाही निष्कर्ष काढता येत नाही.

मग दिवसाचं उद्दिष्ट ठरवताना भाज्यांची प्रथिनं धरायची की नाही? एक हिशेब पूर्ण करून बघू. ५५ किलो वजनाची, शाकाहारी, दूध-दही खाणारी बाई घेऊ. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितलेलं प्रमाण आहे वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम. म्हणजे तिला रोज ४६ ग्रॅम. पण आहार मुख्यतः पोळी-भातावर बेतलेला असेल तर धान्याच्या प्रोटीनचा दर्जा जरा कमी असल्यामुळे किलोमागे एक ग्रॅम धरावा, असंही तिथे म्हटलं आहे. तसं केलं तर ५५. तिच्या दिवसभरात पाच पोळ्या, म्हणजे १३० ग्रॅम कणीक : साडेतेरा ग्रॅम. ६० ग्रॅम तांदळाचा भात : साडेचार. आमटी आणि उसळ मिळून ५० ग्रॅम कोरडी डाळ-कडधान्यं : अकरा. दूध-दही ३०० मिलिलिटर : दहा. भाज्यांत, कोशिंबिरीत पडणारं वीस ग्रॅम दाण्याचं कूट : पाच. बेरीज झाली ४४. अजून भाजीला हात लावलेला नाही.

आता भाज्या. दुपारी दुधीची भाजी, रात्री कोबी, आणि काकडी-टोमॅटोची कोशिंबीर असं असेल तर सगळं मिळून ४०० ग्रॅम भाजी खाऊनही चारेक ग्रॅम मिळतात, कारण दुधीत शंभर ग्रॅमला अर्धा ग्रॅम म्हणजे जवळजवळ काही नाही. एकूण ४८. त्याऐवजी दुपारी १०० ग्रॅम दाण्यांची मटार-उसळ, रात्री दीडशे ग्रॅम पालक आणि कोशिंबीर तीच, तर भाज्यांचे दहा ग्रॅम होतात आणि एकूण ५४. बाकी पानात काहीही न बदलता सहा ग्रॅम वाढले. सहा ग्रॅम म्हणजे २५-३० ग्रॅम डाळ. किलोमागे एक ग्रॅमच्या रेषेखाली राहणं आणि तिला जवळजवळ जाऊन भिडणं, एवढा फरक तेवढ्यानं पडतो. शिवाय त्यातला बराचसा वाटा मटाराने उचलला. मटारात लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं आणि गव्हात नेमकी त्याचीच कमतरता असते. त्यामुळे मटार-पोळीच्या जेवणात मटाराचं प्रोटीन पोळीच्या प्रोटीनलाही कामाला लावतं. ब्रोकोली आपल्याकडे अजून महागच असते. तिच्यातली क जीवनसत्त्वं आणि तंतू हवे असतील तर जरूर आणावी, पण प्रोटीनसाठी म्हणून फ्लॉवरपेक्षा तिला दुप्पट-तिप्पट पैसे मोजण्यात हशील नाही. फ्लॉवरमध्येही शंभर ग्रॅमला दोनेक ग्रॅम असतातच.

मटाराच्या बाबतीत खरेदी करताना एक गोष्ट विसरायला होते. बाजारातून किलोभर शेंगा आणल्या तर सोलून दाणे हाती येतात ४०० ग्रॅमच्या आसपास, शेंग भरलेली नसेल तर त्याहूनही कमी. चौघांना १०० ग्रॅम दाण्यांची वाटी द्यायची तर किलोभर शेंगा एकाच वेळी लागतात. बटाट्यात दिसण्यापुरते घातलेले मटार, किंवा पोह्यात आणि उपम्यात पेरलेले दाणे, हे माणशी दहा-पंधरा ग्रॅम असतात आणि त्यांचं प्रोटीन एक ग्रॅमही भरत नाही. मोसम संपला की थंडगार पाकिटातले दाणे बिनदिक्कत घ्यावेत. त्यांत प्रोटीन जवळपास तेवढंच असतं आणि सोललेले असल्यामुळे वजनही खरं असतं.

वजनं उचलणाऱ्या ७० किलोच्या मुलाचं गणित निराळं. त्याला प्रशिक्षकाने किलोमागे १.६ ग्रॅम सांगितलेले असतात, म्हणजे दिवसाला ११२. वरच्या बाईचं पूर्ण जेवण, मटार-पालकासकट, त्याला अर्ध्याच वाटेवर सोडतं. उरलेले ५८ ग्रॅम पालकातून काढायचे तर दोन किलोच्या वर पालक लागेल, तेव्हा तिकडे बघूच नये. त्याला सोयाबीन, पनीर, अंडी, जास्तीची डाळ यांकडेच जावं लागेल. ४० ग्रॅम सोया चंक्समध्ये वीस ग्रॅम प्रोटीन, तेच ब्रोकोलीतून घ्यायला सातशे ग्रॅम ब्रोकोली. पण या मुलांमध्ये एक नियम चालतो की फक्त पनीर, अंडी, पावडर एवढंच मोजायचं, पोळी-भाजीचं सोडून द्यायचं. हा नियम मला पटत नाही. १.६ हा आकडा ज्या अभ्यासांतून आला त्यांत माणसाचं दिवसभराचं एकूण प्रोटीन धरलेलं होतं, पाव आणि भाजीसकट. पोळी, भात आणि भाज्यांचे मिळून अठ्ठावीसेक ग्रॅम होतात. ते सोडून द्यायचे आणि ११२ पुन्हा वरून भरायचे म्हणजे खरं तर १४० खायचे, आणि महिन्याला पावडरीचा खर्च तेवढा वाढवायचा. शरीर अमिनो आम्ल कुठून आलं हे विचारत नाही.

आणि काही लोकांना भाजीतला ग्रॅम-ग्रॅम मोजावाच लागतो, तोही उलट्या कारणाने. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या, पण अजून डायलिसिसवर नसलेल्या काही रुग्णांना डॉक्टर किलोमागे ०.६ ग्रॅमपर्यंत प्रोटीन खाली आणायला सांगतात. ६० किलोच्या माणसाला दिवसाचे ३६ ग्रॅम. त्यात भाज्यांचे आठ-दहा ग्रॅम ‘भाजीच तर आहे’ म्हणून सोडले, तर दिवसाचा चौथा हिस्सा नकळत वाढतो. पालकात पोटॅशियमही बरंच, म्हणून त्यांच्या पानात तो आणखी जपून येतो. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात दोष असलेल्या मुलांची गोष्ट तर याहून काटेकोर. त्यांच्या शरीराला फिनाइलॲलनिन हे अमिनो आम्ल पचवून टाकता येत नाही, ते साठलं तर मेंदूला इजा होते. अशा मुलाला काकडी आणि टोमॅटो साधारणपणे न मोजता खाता येतात. मटार, पालक आणि ब्रोकोली मात्र काट्यावर ठेवून, ठरलेल्या ग्रॅमांतच ताटात पडतात, आणि त्या दिवशी मटार जास्त झाले तर बटाटा तेवढा कमी केला जातो.